मराठी नाव सुधारताना इंग्रजी नाव बिघडतं: अर्जातलं नाव आधारशी न जुळण्याची तक्रार

अर्ज भरून देण्याच्या कामात एक तक्रार इतक्या वेळा समोर येते की आता माणूस दारातून आत येतानाच ओळखू येते. "आधारवर नाव बरोबर आहे, अर्जातही बरोबर भरलंय, तरी जुळत नाही म्हणतंय." अर्ज उघडून पाहिला की दहापैकी बऱ्याच वेळा एकच गोष्ट घडलेली असते. मराठीचा रकाना नीट दिसावा म्हणून कुणीतरी इंग्रजी रकान्यातलं स्पेलिंग बदललेलं असतं. बदलणाऱ्याला तो बदल वाटतच नाही, म्हणून तो शपथेवर सांगतो की नाव बरोबर भरलंय.

हे कसं होतं ते एका नावावरून पाहू. नाव नमुन्यादाखल घेतलेलं आहे, कुणा व्यक्तीचं नाही. आधारवर मराठीत "लक्ष्मी ज्ञानेश्वर कांबळे" आणि इंग्रजीत `Laxmi Dnyaneshwar Kamble`. बाईंचा मुलगा मोबाईलवर अर्ज भरायला बसला. आडनावाच्या रकान्यात त्याने `Kamble` लिहिलं आणि पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. तेवढ्यात शेजारच्या मराठी रकान्यात आपोआप "कंबले" उमटलं. मधल्या नावाला `Dnyaneshwar` लिहिलं, तर "द्न्यानेश्वर" आलं. आईचं नाव असं छापून येणार म्हटल्यावर तो मागे गेला आणि इंग्रजीत खटपट करू लागला. `Kaambale` केल्यावर "कांबळे" आलं. `Gyaneshwar` केल्यावर "ज्ञानेश्वर" आलं. मराठी सुंदर दिसू लागलं, समाधानाने अर्ज सादर केला. आणि पडताळणीत नाव नाकारलं गेलं, कारण तिकडे पाठवलं गेलं ते `Laxmi Gyaneshwar Kaambale`. या नावाची बाई आधारच्या नोंदीत नाहीच.

आता मुळात यंत्राला "कांबळे" का जमत नाही? रोमन लिपीत आपल्या नावांतली अर्धी माहिती गळून पडते. `a` म्हणजे अ की आ, `d` म्हणजे द की ड, `t` म्हणजे त की ट, `n` म्हणजे न की ण, `l` म्हणजे ल की ळ, हे अक्षरावरून कळत नाही. `Kadam` इतकं साधं आडनाव घ्या. त्यात दोन `a` आणि एक `d`, प्रत्येकाची दोन वाचनं धरली तर आठ शब्द होतात: कदम, काडम, कदाम, कडम आणि पुढे असेच. त्यातलं आपल्याला हवं ते कोणतं हे आपल्याला माहीत असतं, कारण आपण कदमांना ओळखतो. यंत्राकडे नावांचा साठा असेल तर ते बरोबर अंदाज करतं, नुसते अक्षराला अक्षर असे नियम असतील तर काहीही देतं. ज्ञ आणि क्ष यांची गत आणखी वाईट. आपण ज्ञ चा उच्चार द्न्य असा करतो म्हणून `Dny` लिहितो, आणि नियमावर चालणारं यंत्र ते इमानदारीने द् न् य असं सोडवून ठेवतं. ज्ञ साठी `Gy` लिहायची रीत हिंदीकडची. तिथल्या साठ्यावर शिकलेल्या यंत्राला ती कळते, म्हणून `Gyaneshwar` लिहिल्यावर "ज्ञानेश्वर" मिळालं.

म्हणजे मराठी रकान्यात आपोआप येतो तो फक्त अंदाज असतो. अंदाज चुकला तर तो तिथेच, मराठी रकान्यातच हाताने सुधारायचा. त्यासाठी इंग्रजीला हात लावला की चूक जिथे निरुपद्रवी होती तिथून उचलून जिथे नडते तिथे नेली जाते.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी आधारवरचं इंग्रजी नाव अक्षरशः पाहून घ्या. डोळ्याने कार्ड वाचलं तर फसायला होतं, कारण आपण वाचत नाही, आठवतो. मेंदू `Dyaneshwar` लासुद्धा `Dnyaneshwar` म्हणून पुढे जातो. ई-आधार डाउनलोड करून मोठं करून पाहा किंवा कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपमधून स्कॅन करा. कोडमध्ये साठवलेलं इंग्रजी नाव जसंच्या तसं पडद्यावर येतं. ते कागदावर एकेक अक्षर सुटं लिहा, शब्दांमधल्या मोकळ्या जागांसकट. `Ramrao` आणि `Ram Rao` हे आपल्याला एक वाटतात, तुलना करणाऱ्या संगणकाला एक शब्द आणि दोन शब्द असा फरक दिसतो. "बाई", "राव", "जी" ही शेपटं तर खास तपासा. घरी सगळे सुनीताबाई म्हणतात, रेशनकार्डावर सुनीताबाई आहे, आणि आधारवर नुसतं `Sunita`.

मग अर्जातले सगळे इंग्रजी रकाने त्या कागदावरून भरा आणि तोवर मराठी रकान्यांकडे बघूच नका. तिथे काय वेडंवाकडं उमटायचं ते उमटू द्या. इंग्रजी पूर्ण झालं, तपासून झालं, की मगच मराठीकडे वळा. क्रम उलटा झाला तर काय होतं ते अनेकांनी अनुभवलेलं आहे, फक्त कारण लक्षात आलेलं नाही. बहुतेक अर्जांत इंग्रजी रकान्यातून बाहेर पडताक्षणी रूपांतर पुन्हा चालतं. तुम्ही मराठी नीट केलंत, नंतर काही आठवलं म्हणून इंग्रजी रकान्यात नुसतं जाऊन आलात, काही बदललंही नाही, तरी "कांबळे" चं पुन्हा "कंबले" होऊ शकतं. म्हणून मराठी शेवटी, आणि त्यानंतर इंग्रजी रकान्यावर बोटही नको. सादर करण्याआधी पूर्वावलोकनात दोन्ही नावं पुन्हा वाचा.

मराठी रकान्यात लिहायला मराठीचाच कळफलक हवा. मोबाईलवर मराठी कीबोर्ड घेऊन थेट देवनागरी अक्षरं टाइप करा. इंग्रजी अक्षरांतून मराठी देणारा कीबोर्ड घेतलात तर तोच घोळ दुसऱ्या दाराने आत येतो, मात्र निदान तो खाली पर्याय दाखवतो. संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक असेल तर नडणारी अक्षरं तीनच असतात: ळ साठी शिफ्ट आणि N, ज्ञ साठी शिफ्ट आणि 5, क्ष साठी शिफ्ट आणि 7. एवढं कागदावर लिहून पडद्याला चिकटवलं तरी काम भागतं. माझ्याकडे तो कागद पिवळा पडेपर्यंत होता.

जुन्या फाइलमधून नाव कॉपी करून चिकटवण्याचा मोह टाळा. जुन्या टंकांतली फाइल असेल, म्हणजे श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये केलेली, तर अर्जात चिकटवल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती दिसते तरी. त्याहून त्रासदायक म्हणजे न दिसणारी अक्षरं. जोडाक्षर विशिष्ट प्रकारे दिसावं म्हणून युनिकोडमध्ये एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात, ते कॉपी करताना सोबत येतं. नाव दिसायला तेच, पण एक अक्षर जास्त. ॲ हे अक्षर एका सांकेतिक अंकाचंही असतं आणि अ वर चंद्र देऊन दोन अंकांचंही होतं. डोळ्याला फरक शून्य, संगणकाला दोन वेगळे शब्द. संशय आला तर नाव पूर्ण पुसून हाताने टाइप करा. तेवढा वेळ कोडं सोडवण्यापेक्षा कमीच लागतो.

काही अर्जांत मराठी रकाना कुलूपबंद असतो, म्हणजे जे आपोआप येईल तेच, सुधारता येत नाही. इथेच माणूस इंग्रजी बदलायला प्रवृत्त होतो. बदलू नका. आधी बघा की या अर्जातून तुम्हाला मिळणार काय आहे. पैसे खात्यात येणार असतील, शिष्यवृत्ती असेल, नोंदणी क्रमांक असेल, तर पडताळणी इंग्रजी नावावर होणार, मराठीत "कंबले" राहिलं तर वाईट दिसेल एवढंच. पण हातात मराठीत छापलेला दाखला पडणार असेल, उत्पन्नाचा, जातीचा किंवा अधिवासाचा, तर मराठी नाव चुकलेला दाखला पुढे प्रत्येक ठिकाणी आडवा येतो. तेव्हा इंग्रजी बरोबर ठेवून अर्ज करा, आणि ज्या टेबलावर तो तपासला जातो तिथे लगेच मराठी नावाची दुरुस्ती सांगा. दाखल्यावर सही होण्याआधी ही दुरुस्ती सोपी असते. सही झाल्यावर बहुतेकदा नवा अर्ज.

आता तुलना प्रत्यक्षात होते कशी, हे थोडं माहीत असलं तर निष्कारण घाबरणं कमी होतं. आधारच्या पडताळणी व्यवस्थेत विचारणारा विभाग आधार क्रमांकासोबत नाव पाठवतो आणि तिकडून फक्त हो किंवा नाही असं उत्तर येतं. नाव कसं जुळवायचं याचे प्रकार विभागाने निवडायचे असतात. तंतोतंत जुळणीत सगळे शब्द त्याच क्रमाने हवेत. अंशतः जुळणीत शब्दांचा क्रम मागेपुढे चालतो, आणि किती टक्के शब्द जुळले तर पुरे हेही विभागच ठरवतो. दोन्हींत कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरक धरत नाहीत, त्यामुळे `KAMBLE` आणि `Kamble` वरून झोप उडवायचं कारण नाही.

यातली खरी ग्यानबाची मेख अंशतः या शब्दात आहे. लोकांना वाटतं की अंशतः म्हणजे थोडं इकडेतिकडे स्पेलिंग चालेल. तसं नाही. सवलत शब्दांच्या संख्येत आहे, शब्दाच्या आतल्या अक्षरांत नाही. `Laxmi Kamble` असं मधलं नाव गाळून पाठवलं तर ते जुळण्याची शक्यता आहे. `Laxmi Gyaneshwar Kamble` जुळत नाही, कारण त्यात नोंदीत नसलेला एक शब्द आला. गाळलेला शब्द एक वेळ माफ होतो, चुकीचा शब्द होत नाही. म्हणून अर्जात मधलं नाव ऐच्छिक असेल आणि त्याच्या स्पेलिंगबद्दल खात्री नसेल, तर अंदाजाने भरण्यापेक्षा आधी आधार पाहून या. तेही जमत नसेल तर रकाना मोकळा ठेवणं बरं. अर्थात हे आधारकडून होणाऱ्या पडताळणीपुरतं. काही विभाग स्वतःची तुलना करतात, तिचे नियम त्यांचे त्यांना ठाऊक, म्हणून पूर्ण आणि तंतोतंत नाव हाच सुरक्षित मार्ग.

आडनाव आधी की नाव आधी, हा प्रश्न आपल्याकडे खास आहे, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे असतं आणि बऱ्याच आधार कार्डांवर मागे. अर्जात तीन वेगळे रकाने असतील तर ज्याचा रकाना त्यात भरा, जोडणी तो अर्जच करतो. एकच लांब रकाना असेल तर आधारचा क्रम ठेवा.

सगळं अक्षराला अक्षर लावूनही नकार येतो, असंही होतं. अशा वेळी पडद्यावर त्रुटी क्रमांक दिसतो का पाहा. `100` असेल तर आधारच्या भाषेत त्याचा अर्थ मूलभूत माहिती जुळली नाही एवढाच. मूलभूत माहितीत नावासोबत जन्मतारीख आणि लिंगही येतं. संदेशात मात्र "नाव जुळत नाही" असं ढोबळ भाषांतर करून ठेवलेलं असतं, आणि माणूस बरोबर असलेलं नाव चार-चार प्रकारे बदलत बसतो. वयस्कर लोकांच्या आधारवर पूर्ण जन्मतारखेऐवजी नुसतं जन्मवर्ष असतं. मुलाने अर्जात दाखल्यावरची तारीख घातली तर ती तिथे जुळायची कशाशी? नाव तपासून झालं की पुढचा संशय कायम तारखेवर घ्या.

आतापर्यंतचं सगळं आधारवरचं नाव बरोबर आहे असं धरून झालं. पण आधारवर एक, पॅनवर दुसरं आणि गुणपत्रिकेवर तिसरं असेल तर कोणतं कोणाला जुळवायचं? अर्ज भरताना तात्पुरता जुगाड करून ही भानगड सुटत नाही, एक कागद मुख्य धरून बाकीचे त्याच्याकडे आणावे लागतात. माझं मत असं: दहावी झाली असेल तर गुणपत्रिकेवरचं नाव मुख्य धरा आणि आधार त्याप्रमाणे बदलून घ्या, मग पॅन, मग बँक. बोर्डाच्या प्रमाणपत्रातली दुरुस्ती शाळेपासून सुरू होते, जनरल रजिस्टरचा उतारा लागतो आणि ती लांबते. आधार केंद्रावर नावातली दुरुस्ती त्या मानाने लवकर होते. दहावी झालेली नसेल, किंवा शाळेचा कागदच नसेल, तर आधारवरचं स्पेलिंग आवडो न आवडो, तेच मुख्य. `Dnyaneshwar` ऐवजी `Dyaneshwar` असलं म्हणून कुणाचं अडत नाही. सगळीकडे `Dyaneshwar` असलं म्हणजे झालं.

पण आधार बदलायला जाण्याआधी हे लक्षात ठेवा की आधारवरचं नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर त्यातली एक संधी तिथे जाते. म्हणून स्पेलिंगची दुरुस्ती आणि लग्नानंतरचा बदल शक्यतो एकाच फेरीत उरका. केंद्रावर गेल्यावर तुमच्या बाजूला वळवलेल्या पडद्यावर इंग्रजी आणि मराठी दोन्ही नावं वाचा. तिथेही मराठी नाव आपोआपच उमटतं, आणि ऑपरेटर घाईत असतो. "कांबळे" चं "कांबले" झालेलं असेल तर तिथल्या तिथे ळ टाकून घ्या. पावतीवर दोन्ही नावं छापून येतात, खुर्चीवरून उठण्याआधी ती वाचा. नंतर घरी जाऊन पाहिलं तर दुसरी संधीही याच ळ मध्ये खर्च व्हायची.

शाळेतल्या मुलांच्या पालकांसाठी वेळ महत्त्वाची. शाळा मुलांची माहिती भरतात त्या यू-डायस प्लस पोर्टलवरचं नाव आधारशी जुळलं नाही तर विद्यार्थ्याचा अपार ओळख क्रमांक अडतो, हे आता बहुतेक शाळांनी पालकांना ऐकवलेलंच आहे. त्याहून मोठी वेळ दहावीच्या अर्जाची. परीक्षेआधी शाळेत प्री-लिस्ट येते, तिच्यावर विद्यार्थ्याची सही घेतात, आणि मुलं ती गर्दीत न वाचता करतात. प्रमाणपत्रावर जे छापलं जाणार ते त्या यादीतलं नाव. पालकांनी त्या दिवसाच्या आधी आधारची प्रत मुलाच्या दप्तरात घालावी आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायला सांगावं, आईच्या नावासकट.

प्रतिज्ञापत्राबद्दलही विचारतात. "लक्ष्मी आणि Laxmi आणि Lakshmi ही एकच व्यक्ती" असं लिहून घेतलेला कागद अनेकांच्या पिशवीत असतो. जिथे माणूस कागद तपासतो तिथे तो चालतो: वारसनोंद, सातबारावरचं नाव, जुन्या दाखल्यातला फरक. जिथे संगणक नाव जुळवतो तिथे तो कागद वाचणारं कुणी नसतं. पॅन आणि आधार जोडताना नाव अडलं असेल तर प्रतिज्ञापत्र हातात धरून काही होत नाही, दोनपैकी एका ठिकाणचं नाव सहसा खरोखर बदलावंच लागतं.

बँकेचं थोडक्यात. योजनेचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जाणार असतील तर ते आधार क्रमांकावरून खातं शोधून जातात, पासबुकावर `Mrs Laxmi D Kamble` आहे म्हणून सहसा अडत नाहीत. खाते क्रमांक देऊन पैसे मागितले असतील तर मात्र बँकेकडचं नाव ताडून पाहिलं जातं, तिथे त्या `D` चं पूर्ण नाव करून घ्या. केवायसीचा अर्ज भरताना आधारवरचं स्पेलिंग द्या, पासबुकावरचं नको.

राहिल्या लक्ष्मीबाई. अर्ज नाकारला गेला होता म्हणून दुरुस्तीसाठी पुन्हा उघडला. इंग्रजीत कागदावरून `Laxmi`, `Dnyaneshwar`, `Kamble` भरलं. मराठीत "द्न्यानेश्वर" आणि "कंबले" उमटलं, तिकडे दुर्लक्ष केलं. जन्मतारीख आधारप्रमाणे घातली. शेवटी मराठी रकान्यात जाऊन दोन्ही शब्द पूर्ण पुसले आणि मराठी कीबोर्डवरून ज्ञ आणि ळ थेट देऊन पुन्हा लिहिले. पूर्वावलोकनात पाहिलं तर मराठीत आडनाव पुन्हा "कंबले". मुलाने मध्येच इंग्रजी रकान्यात बोट ठेवून ते बरोबर आहे ना याची खात्री करून घेतली होती. परत मराठी लिहिलं, या वेळी मोबाईल माझ्याकडे घेऊन.